पाठ फिरवलेला माणूस

"मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, दोघीही साठीच्या उंबरठ्यावर. टॅरो शिकलो, एकमेकींचे लव्ह स्प्रेड काढतो. माझ्या तीन पत्त्यांत माझ्या जागी क्वीन ऑफ कप्स, 'त्यांच्या' जागी एट ऑफ कप्स आणि दोघांच्या मध्ये टू ऑफ पेंटॅकल्स आला. ते विधुर आहेत, मुलाकडे अमेरिकेला जायचं म्हणतात. मैत्रीण म्हणाली, ते तुला सोडून जाणार. मी म्हटलं, मागचं सगळं सोडून माझ्याकडे येणार. ती घटस्फोटित आहे, मी तिला नको ते बोलले. आता अबोला आहे. कोणाचं बरोबर?"
– एक वाचक, नाशिक

ताई, तो एट ऑफ कप्सचा पत्ता पुन्हा समोर ठेवा आणि अर्थ बाजूला सारून नुसतं चित्र बघा. तुमचा डेक बहुधा रायडर-वेटच असेल, 1909 साली पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला. लाल झगा घातलेला माणूस काठी टेकत डोंगराकडे निघालाय, पाठ आपल्याकडे. मागे कप रचलेले आहेत, खाली पाच, वर तीन. वरच्या रांगेत एक जागा रिकामी. पण एकही कप लवंडलेला नाही. फाइव्ह ऑफ कप्समध्ये तीन लवंडलेले असतात, तिथे झालेल्या नुकसानीचं दुःख आहे. इथे माणूस स्वतः मांडलेलं, धडधाकट असलेलं सोडून निघतोय, कारण त्यात काहीतरी कमी पडतंय.

म्हणजे "सोडून जाणं" या पत्त्यात आहे, तुमची मैत्रीण तिथे चुकली नाही. पण पत्ता 'त्यांच्या' जागी पडलाय, म्हणून ते कपही त्यांचेच: त्यांचं घर, संसार, इतकी वर्षं जपलेलं आयुष्य. त्यात तुम्ही आहात असं चित्र म्हणत नाही. आणि ते तुमच्याकडे येताहेत असंही म्हणत नाही, समोर फक्त डोंगर आहे. ज्यांच्या कल्पनेतून हा डेक आला, त्या खुद्द वेट यांनीही आपल्या पुस्तकात सोडून जाण्याचा अर्थ देऊन पुढे नोंदवलंय की काही जण याच्या अगदी उलट, आनंद आणि भिडस्तपणा, असं वाचतात.

मला खरा बोलका वाटतो तो मधला पत्ता, ज्यावर तुम्ही दोघी भांडलाच नाहीत. टू ऑफ पेंटॅकल्समध्ये एक तरुण दोन नाणी झेलतोय आणि मागे उसळत्या लाटांवर दोन जहाजं. तुमच्यात सध्या हेच आहे, इकडे की तिकडे हे ठरलेलं नाही. ते न ठरलेलं तुम्हा दोघींनाही सोसवलं नाही. तिने आपल्या अनुभवातून शेवट लावला, तुम्ही आशेतून.

याच प्रश्नावर पुन्हा पत्ते काढू नका. दुसऱ्यांदा काढताना आपण हवं ते उत्तर येईपर्यंत पिसत बसतो. त्यांनाच विचारा: "अमेरिकेला कायमचे जाताय की काही महिन्यांसाठी? आणि माझं काय ठरवलंय?"

त्याआधी मात्र मैत्रिणीला फोन करा. पत्त्याचा विषय काढू नका. घटस्फोटावरून बोललात, तेवढ्याचीच माफी मागा, "पण तूही" न जोडता. पुढे कधी बसलात, तर आधी दोघींनी चित्रात काय दिसतं ते सांगायचं, मगच अर्थ.