काकांनी न विचारता अ‍ॅडमिन केलंय, आता?

"ताई, आमचा इंदूरच्या मराठी लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, साडेआठशेच्या वर मेंबर. चालवणारे काका बाबांचे मित्र, बाबांच्या आजारपणात रात्र रात्र हॉस्पिटलात बसलेले. महिनाभर मागे लागलेत की तू अ‍ॅडमिन हो, मी शाळेमुळे वेळ नसतो म्हणून टाळत होते. परवा सकाळी बघते तर करूनच टाकलंय! म्हणतात, नुसतं नाव राहू दे. ग्रुपवर राजकारणावरून सारखी भांडणं. नवरा म्हणतो पोलीस केस झाली तर तू अडकशील. काकांना न दुखवता कसं सुटू? — रामबागेतली एक"

अगं, व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडमिन करताना समोरच्याला विचारतच नाहीत, फेसबुकच्या ग्रुपमधे निदान आमंत्रण येतं आणि ते नाकारता तरी येतं, इथे ती सोयच नाही. म्हणून आता गप्प बसू नकोस, आठवडाभर तशीच राहिलीस की तू हो म्हणालीस असंच सगळे धरून चालतील.

आणि ते "नुसतं नाव" आहे ना, त्यालाच आधी नाही म्हण. मेंबरांच्या यादीत तुझ्या नावापुढे अ‍ॅडमिन दिसतं, लोकांना काय माहीत की तू नावापुरती आहेस, भांडण झालं की "त्याची पोस्ट काढ", "माझी का काढली" हे तुझ्याच पर्सनलवर येणार, तेही बहुतेक रात्री अकरानंतर. म्हणजे काम तेवढंच, फक्त ठरवायचा हक्क काकांकडे.

नवऱ्याची भीती अर्धी खरी. 2021 मधे मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं आणि 2022 मधे केरळ हायकोर्टानं सांगितलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, त्यात त्याचाही हेतू असेल तर गोष्ट वेगळी. पण एक तर हे निकाल आपल्या एमपीतल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, आणि दुसरं, नागपूरच्या निकालात एक मुद्दा असा होता की अ‍ॅडमिनला मेंबर जोडता-काढता येतात, पोस्ट पडायच्या आधी अडवता येत नाही. 2022 पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, त्यामुळे "दिसलं होतं तर काढलं का नाही" असं कुणी विचारू शकतो. शिवाय कोर्टात सुटणं आणि तोवरचा त्रास यात फरक आहेच. आपल्याच राजगड जिल्ह्यात 2018 मधे ग्रुपवरच्या एका पोस्टवरून एक तरुण काही महिने तुरुंगात होता, घरच्यांचं म्हणणं की पोस्ट पडली तेव्हा तो अ‍ॅडमिनच नव्हता, आधीचे बाहेर पडल्यावर आपोआप झाला! तसं होतं खरं, एकटा अ‍ॅडमिन ग्रुप सोडून गेला की व्हॉट्सअ‍ॅप कुणालातरी परस्पर अ‍ॅडमिन करतं.

आता काकांचं. वेळ नाही हे कारण परत देऊ नकोस, त्यावर "रोज दहाच मिनिटं गं" हे उत्तर त्यांच्याकडे तयारच असणार. ज्याच्यावर तोडगा निघत नाही असं सांग. आणि महत्त्वाचं म्हणजे फोनवर किंवा घरी जाऊन सांग, ग्रुपवर नाही, साडेआठशे लोकांसमोर नकार म्हणजे त्यांचा अपमानच. साधारण असं बोल: "काका, तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात, बरं वाटलं. पण ग्रुपमधे माझ्या शाळेतल्या मुलांचे पालक आहेत, त्यांच्या पोस्टी काढायच्या आणि सकाळी त्यांच्याचसमोर उभं राहायचं हे मला जमणार नाही. आज मला अ‍ॅडमिनवरून काढा." (पालक नसतील तर तुझं जे खरं असेल ते सांग, खोटं इंदुरात टिकत नाही, संध्याकाळपर्यंत राजवाड्याला पोचतं.) "बघते", "दिवाळीपर्यंत करते" असलं काही तोंडातून जाऊ देऊ नकोस.

बाबांच्या आजारपणाचं ऋण आहेच, ते अ‍ॅडमिन होऊन फेडू नकोस. हवं तर ठराविक एक काम घे, जसं ग्रुपचे नियम नीट लिहून देणं, राजकारण नको वगैरे, ते काका डिस्क्रिप्शनमधे टाकतील आणि तुझं काम तिथे संपलं.

मान्य झालं की त्यांनी मेंबरांच्या यादीत तुझं नाव दाबून धरायचं आणि अ‍ॅडमिनवरून काढण्याचा पर्याय निवडायचा, बस. त्यांना जमत नसेल तर शेजारी बसून दाखव, कित्येकदा राग नसतोच, बटण सापडत नसतं. नाहीच काढलं तर ग्रुप सोड आणि एक-दोन दिवसांनी त्यांनाच परत जोडायला सांग, तू साधी मेंबर म्हणून येशील. सोडलेलं फक्त अ‍ॅडमिनना कळतं, बाकीच्यांनी माजी मेंबरांची यादी मुद्दाम उघडली तरच दिसेल. सोडायच्या आधी मात्र काका अजून अ‍ॅडमिन आहेत ना ते बघ. रागाच्या भरात तेच आधी बाहेर पडले असतील तर तू एकटी अ‍ॅडमिन उरलीस, मग जाताना ते कुणाच्या गळ्यात पडेल सांगता येत नाही, म्हणून आधी तयार असलेल्या दोघांना विचारून अ‍ॅडमिन कर आणि मगच नीघ.