पाळी चुकली आणि थायरॉईडची गोळी चालू आहे

प्रश्न: थायरॉईडची ७५ ची गोळी चालू आहे. आज प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली. डोस लगेच वाढवायचा की रिपोर्टची वाट बघायची?

उत्तर: वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. साधारणपणे डोस लगेच २० ते ३० टक्के वाढवतात. सोपा मार्ग म्हणजे आठवड्यात सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दुप्पट. तुमच्या बाबतीत आठवड्याचे ५२५ मायक्रोग्रॅम ६७५ होतील. थायरॉईड ग्रंथी काढलेली असेल किंवा आधीच टीएसएच अगदी कमी असेल, तर हिशेब वेगळा.

घाई अशासाठी की पहिले काही महिने बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं, आणि तुमची ग्रंथी स्वतःहून जास्त बनवू शकत नाही.

मग निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, पुढे तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा. गोळी घेणाऱ्यांसाठी लक्ष्य २.५ च्या खाली. पहिल्या तिमाहीत टीएसएच मुळातच थोडा उतरतो, म्हणून रिपोर्टवर छापलेली नेहमीची मर्यादा पाहून ‘नॉर्मल’ समजू नका.

वाढवूनही आकडा हलत नसेल, तर बहुतेक वेळा लोह-कॅल्शियमची गोळी सोबत घेतलेली असते. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. बाळंतपणानंतर सहसा जुना डोस, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी.