कांद्याच्या भावावर साधं के-फोल्ड लावलं की काय होतं

प्रश्न: मशीन लर्निंग शिकतोय. पाच फोल्डला स्कोअर मस्त येतो, पण नवीन डेटावर मॉडेल आपटतं. स्ट्रॅटिफाइड लावू की टाइम सिरीज स्प्लिट? साधं के-फोल्ड नक्की कधी फसवतं?

उत्तर:

स्ट्रॅटिफाइड लावून तुमचं दुखणं जाणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. साधं के-फोल्ड म्हणजे डेटाचे के तुकडे करायचे, आळीपाळीने एक तुकडा टेस्टला ठेवायचा आणि बाकीच्यांवर मॉडेल शिकवायचं. याच मुद्द्यावरून मी ऑफिसात इतका भांडलोय की प्रश्न वाचल्यावर गप्प बसवेना.

शेतमालाच्या भावाचा अंदाज देणाऱ्या एका कंपनीत होतो. काम असं: लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड या चार बाजार समित्यांचा रोजचा कांद्याचा सर्वसाधारण दर आणि आवक घ्यायची आणि आजपासून सातव्या बाजार-दिवशी दर काय असेल ते सांगायचं. फीचर्समध्ये आजचा दर, मागच्या आठवड्याची सरासरी, आवक, पाऊस, महिना आणि दिवसाचा अनुक्रमांक. मॉडेल रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णय-झाडांच्या अंदाजांची सरासरी. आमच्या सरांनी ओळी पिसून `KFold(5, shuffle=True)` लावलं आणि सरासरी चूक क्विंटलमागे सव्वाशे रुपयांच्या आसपास आली. कांद्यात एवढी चूक म्हणजे काहीच नाही, सकाळच्या आणि दुपारच्या लिलावातसुद्धा तेवढा फरक पडतो. लगेच स्लाइड तयार, क्लायंटला तारीखही दिली.

मी एवढंच म्हटलं की सरासरी बाजूला ठेवू, एकच आठवडा काढून बघू. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली, नाशिक पट्ट्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले आणि दर कोसळले. बंदी जाहीर होण्याआधी बाजारात ती कोणाला ठाऊक नव्हती. आता ५ डिसेंबरची ओळ घ्या. तिचं उत्तर म्हणजे सात बाजार-दिवसांनंतरचा, बंदी लागल्यानंतरचा पडलेला दर. मी `cross_val_predict` ने त्या दिवसाचा अंदाज काढला. तो दिवस टेस्टमध्ये असतानाही मॉडेल पडलेलाच दर सांगत होतं. म्हणजे दिल्लीतला निर्णय आमच्या रँडम फॉरेस्टला तीन दिवस आधीच कळला होता!

कारण साधं आहे. पाच फोल्ड आणि ओळी पिसलेल्या असल्या की कुठलाही शेजारचा दिवस ट्रेनिंगमध्ये असण्याची शक्यता साधारण पाचात चार. आदला आणि पुढचा असे दोन्ही दिवस एकदमच टेस्टमध्ये जाण्याची शक्यता एक पंचविसांश, म्हणजे ४ टक्के. उरलेल्या ९६ टक्के वेळा निदान एक शेजारी ट्रेनिंगमध्ये बसलेला असतो. ४ आणि ६ डिसेंबरच्या ओळींची उत्तरंही बंदीनंतरचीच होती. दिवसाचा अनुक्रमांक जवळपास तोच, आवक तशीच, आजचा दरही तसाच, त्यामुळे झाडांनी ५ तारखेला त्यांच्याच पानात नेऊन बसवलं. याला भविष्याचा अंदाज म्हणत नाहीत. मधली गाळलेली जागा भरली, एवढंच. तुमच्या डेटात असा एखादा धक्का असेल (बंदी, लॉकडाऊन, अचानक बदललेला नियम), तर धक्क्याच्या आधीच्या चार-पाच ओळींचे अंदाज छापून बघा. मॉडेलला धक्का आधीच कळलेला दिसला की समजा, उत्तरपत्रिका फुटली आहे.

हे दाखवल्यावर सर म्हणाले, "मग स्ट्रॅटिफाइड कर." दराचे स्वस्त, मध्यम, महाग असे तीन गट पाडायचे आणि प्रत्येक फोल्डात तिन्ही सारख्या प्रमाणात घ्यायचे. केलं. पाचही फोल्डचे आकडे आणखी एकसारखे आले आणि सर खूश: "बघ, किती स्टेबल आहे मॉडेल!" माझं डोकं तिथे फिरलं. आकडे एकसारखे यायचं कारण मॉडेलमध्ये नव्हतंच. २०१९ च्या शेवटी दर आभाळाला भिडले होते. स्ट्रॅटिफाइडने ते महागडे दिवस मोजून-मापून पाचही फोल्डांत वाटले, म्हणजे प्रत्येक परीक्षेत त्या काळातले थोडे प्रश्न आणि प्रत्येक ट्रेनिंगमध्ये त्यांचेच सख्खे शेजारी. गळती तशीच राहिली, फक्त सगळीकडे सारखी झाली.

स्ट्रॅटिफाइडचं काम वेगळं आहे. वर्गीकरणात एखादा वर्ग दुर्मीळ असेल, तर साध्या के-फोल्डमध्ये एका फोल्डात त्याच्या १५ ओळी जातात, दुसऱ्यात ४, आणि स्कोअर उगाच हेलकावे खातो. ते हेलकावे स्ट्रॅटिफाइड कमी करतं. याचं टोकाचं उदाहरण घरी करून बघा: आयरिसचा डेटा, १५० फुलं, तीन जाती, प्रत्येकी ५०, आणि फाइलमध्ये जातीनुसारच लावलेली. त्यावर `KFold(3)` न पिसता लावलं तर अचूकता शून्य येते, कारण प्रत्येक वेळी टेस्टमधली जात ट्रेनिंगमध्ये नसतेच. म्हणजे साधं के-फोल्ड खालच्या बाजूलाही फसवतं. इथे स्ट्रॅटिफाइड हा चांगला इलाज. `cross_val_score` ला नुसता आकडा दिला आणि मॉडेल क्लासिफायर असेल, तर सायकिट-लर्न आपणहून स्ट्रॅटिफाइडच वापरतं. म्हणजे बहुतेक जण ते नकळत वापरतच असतात, तुम्हीही वापरत असाल.

पुन्हा कांद्याकडे. मी टाइम सिरीज स्प्लिट लावायला घेतलं, म्हणजे नेहमी आधीच्या ओळींवर शिकवायचं आणि नंतरच्या ओळींवर तपासायचं. तिथला खड्डाही सांगण्यासारखा आहे. `TimeSeriesSplit` तारखेचा कॉलम बघतच नाही, ओळी मोजतं. आमच्या फाइलमध्ये आधी लासलगावची सगळी वर्षं, मग पिंपळगावची, मग बाकीची. तशीच फाइल दिली असती तर ट्रेनिंगमध्ये लासलगाव आणि टेस्टमध्ये पिंपळगाव, तारखा त्याच! या चारही बाजारांचे दर बरोबरच हलतात, म्हणजे गळती पहिल्यापेक्षा वाईट आणि नाव मात्र टाइम सिरीजचं. फाइल तारखेनुसार लावली तरी एकाच दिवसाच्या चार ओळी मधूनच कापल्या जाऊ शकतात. म्हणून ओळी न कापता तारखा कापायच्या:

```python
dates = np.sort(df["date"].unique())
tscv = TimeSeriesSplit(n_splits=5, test_size=60, gap=7)
for tr, te in tscv.split(dates):
    train = df[df["date"].isin(dates[tr])]
    test = df[df["date"].isin(dates[te])]
```

यातलं `gap`, म्हणजे ट्रेनिंग आणि टेस्टच्या मध्ये सोडलेले दिवस, लोक विसरतात. सात बाजार-दिवसांनंतरचा दर हे उत्तर असेल, तर कालच्या ओळीचं उत्तर आज तुमच्या हातात नसतंच, ते सहा दिवसांनी कळणार. ती ओळ ट्रेनिंगमध्ये घेतली तर पुन्हा उद्याचा पेपर आज वाचल्यासारखं. मी ७ ठेवतो, एखादा दिवस जास्त गेला तरी चालेल. आणि हे सात कॅलेंडरचे दिवस नाहीत. रविवारी लिलाव नसतो, दिवाळीत बाजार बंद, लासलगावला तर अमावास्येलाही लिलाव न करण्याची जुनी रीत होती. उत्तराचा कॉलम कॅलेंडरच्या दिवसांवर केलात आणि `gap` बाजार-दिवसांवर, तर हिशोब जुळत नाही. दोन्हीकडे एकच मोजमाप ठेवा.

निकाल असा: चूक सव्वाशेवरून साडेचारशेच्या पुढे गेली. त्याहून झोंबणारं म्हणजे "पुढच्या आठवड्यात आजचाच दर राहील" या फुकटच्या अंदाजाची चूक आमच्या मॉडेलपेक्षा किंचित कमी निघाली. हा फुकटचा अंदाज टाइम सिरीजमध्ये नेहमी शेजारी छापा. आमच्या पिसलेल्या के-फोल्डने मॉडेलला त्याच्या कितीतरी पुढे दाखवलं होतं, शंका यायला तेवढंच पुरेसं होतं.

सर तरीही ऐकेनात. त्यांनी एक पेपर शोधून आणला, बर्गमाइर, हाइंडमन आणि कू यांचा, २०१८ चा: टाइम सिरीजवरही साधं के-फोल्ड चालतं असं त्यात दाखवलंय. पेपर खरा आहे आणि चांगलाही. पण त्यातली अट सरांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवली नाही. मॉडेल निव्वळ ऑटोरिग्रेसिव्ह हवं, म्हणजे मालिकेच्या स्वतःच्या मागच्या किमतींवरच चालणारं, आणि उरलेल्या चुका एकमेकींशी निगडित नसाव्यात. आमच्याकडे दिवसाचा अनुक्रमांक फीचर होता, आणि अंदाज सात दिवस पुढचा. लागोपाठच्या दोन ओळींच्या उत्तरांमध्ये सहा दिवसांची वाटचाल सामाईक असते, मग त्या चुका एकमेकींपासून सुट्या कशा असतील? ५ तारखेला बंदीने गंडवलं तर ६ तारखेलाही गंडवणारच. अट तिथेच मोडली. हे मी तेव्हाही बोललो होतो, मिनिट्समध्ये आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता तुमचं. तुम्ही डेटा कशाचा ते लिहिलंच नाहीत, त्यामुळे अर्धंच उत्तर देता येतंय. मॉडेल प्रत्यक्षात उद्याच्या ओळींवर चालणार असेल, तर टेस्टही नेहमी ट्रेनिंगच्या नंतरची हवी. नवीन माणसांवर, नवीन दुकानांवर चालणार असेल, तर `GroupKFold`, म्हणजे एका माणसाच्या सगळ्या ओळी एकाच बाजूला. यातलं काहीच नसेल, ओळी खरोखर सुट्या असतील, तर साधं के-फोल्ड उत्तम आहे, उगाच घाबरू नका. न पिसलेलं के-फोल्ड वेळेच्या डेटावर पिसलेल्यापेक्षा बरं, कारण शेजारी फक्त फोल्डच्या कडेलाच सापडतात. पण पाचपैकी चार फोल्डांत तेही २०२४ शिकून २०१९ सांगतं.

टाइम सिरीज स्प्लिटचेही तोटे आहेत, ते मी वर मुद्दामच बोललो नाही. `test_size` न देता लावलं तर पहिल्या फोल्डला ट्रेनिंग फार थोडं मिळतं, त्यामुळे त्याचा स्कोअर बहुतेक वेळा वाईट येतो आणि सरासरीला खाली ओढतो. म्हणून सरासरीवर जाऊ नका, पाचही आकडे तारखांसकट मांडा. `cross_val_predict` यावर चालत नाही, एरर देतं, कारण सुरुवातीच्या ओळी कधीच टेस्टमध्ये येत नाहीत. लूप स्वतः लिहावा लागतो. आणि डेटा वेळेचाही आहे आणि दुर्मीळ वर्गाचाही, उदाहरणार्थ कार्डावरचे बनावट व्यवहार, तर दोन्ही एकदम साधत नाही. अशा वेळी वेळ पाळा आणि प्रमाण सोडा. एखाद्या फोल्डात बनावट व्यवहार फारच कमी आले तर `test_size` वाढवा, फोल्ड कमी करा.