घरच्या लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 2 हजारच्या वर मेसेज झालेत, त्यातून काय ठरलं, काय राहिलं आणि कोणी कोणाला किती द्यायचे हे कसं काढू?

बहिणीच्या लग्नात हे काम माझ्याकडेच होतं. पहिलं म्हणजे चॅट सुरुवातीपासून वाचू नका, शेवटून मागे या. हॉल, तारीख यावर घरात तीन-तीनदा मत बदलतं, मागून वाचत गेलं की सगळ्यात नवं आधी सापडतं आणि जुनं तिथेच बाद करता येतं.

Export chat करून टेक्स्ट फाइल घेतलीत तर शोधायला बरं पडतं, पण तेवढ्यावर राहू नका. त्यात अंगठे-बदाम येत नाहीत, व्हॉइस नोटमध्ये काय बोललेत ते येत नाही आणि कोणी कुठल्या मेसेजला रिप्लाय दिलाय तेही दिसत नाही. काकूंचं 'हो चालेल' मी हॉलचं समजून ठरलेल्यात टाकलं, ॲपमध्ये जाऊन बघितलं तर ते गाडीच्या वेळेला होतं! तेव्हापासून 'हो', 'ओके' असलं काही दिसलं की मूळ चॅटमध्ये बघूनच लिहायचे.

ठरलं कधी म्हणायचं, तर जो ते काम करणारे किंवा पैसे भरणारे त्याने स्वतः स्पष्ट लिहिलंय आणि नंतर कोणी मोडता घातलेला नाही तेव्हाच. बाकीच्यांच्या सात अंगठ्यांचा अर्थ वाचलं इतकाच.

सगळ्यात जास्त घोळ 'मी बघतो' या शब्दांनी होतो. आमच्याकडे काका म्हणाले डेकोरेशनचं मी बघतो, आत्याला वाटलं पैसेही तेच देणार, आणि काकांच्या मनात फक्त चौकशी करायची होती. त्यामुळे 'बघतो' दिसलं की ते राहिलेल्यात टाका, आणि पुढे नाव आणि एकच प्रश्न लिहा, म्हणजे 'काका, बुकिंग तुम्ही करताय की पैसेही भरताय?' नुसतं 'डेकोरेशन बाकी' लिहिलं तर कोणीच उत्तर देत नाही.

पैशात 'देतो' आणि 'दिले' वेगळे ठेवा, हिशोबात फक्त दिलेले घ्यायचे, तेही पावती किंवा स्क्रीनशॉट असेल तर. समजा तीन घरांनी सारखं वाटून घ्यायचं ठरलंय, काकांनी 60 भरले, आत्याने 30, मामांनी अजून काही नाही. एकूण 90, म्हणजे प्रत्येकाचे 30. आत्याचं फिटलं, मामांनी काकांना 30 द्यायचे, संपलं. आत्याने मामांना, मामांनी काकांना असं फिरवत बसू नका. पण सारखं वाटायचं हे खरंच ठरलंय का ते आधी चॅटमध्ये शोधा, आमच्या ग्रुपवर ते कोणी लिहिलेलंच नव्हतं, सगळे धरून चालले होते, म्हणून राहिलेल्यात मी तोच प्रश्न सगळ्यात वर टाकला.

तयार झालं की लगेच ग्रुपवर टाकू नका, पैशाची ओळ आधी त्या त्या माणसाला फोनवर वाचून दाखवा. मामांनी काकांना रोख दिलेले असतात आणि चॅटमध्ये त्याचा पत्ताच नसतो, मग सगळ्यांसमोर त्यांच्या नावापुढे बाकी दिसली तर त्यांना फार लागतं.