चार समीकरणे, चार अज्ञात आणि तरीही उरणारा t

प्रश्न: वाहतुकीच्या जाळ्याचे उदाहरण सोडवताना चार चौकांची चार समीकरणे मांडली, अज्ञातही चारच, तरी शेवटी t उरतो आणि असंख्य उत्तरे येतात. माझे काही चुकते आहे का? हा t प्रत्यक्ष रस्त्यावर कुठे असतो, आणि ‘अमुक रस्ता बंद केला तर’ असे विचारल्यावर त्याचे काय करायचे?

उत्तर: तुमचे काहीही चुकत नाही. चार समीकरणांपैकी एक समीकरण उरलेल्या तिघांतूनच निघते, म्हणून खरी माहिती तीनच समीकरणांची असते आणि एक अज्ञात मोकळा राहतो. हे का घडते आणि त्या मोकळ्या अज्ञाताला अर्थ कोणता, हे एका उदाहरणावरून पाहू. त्यातील आकडे मी समजावण्यासाठी घेतलेले आहेत.

एका चौकोनी वस्तीभोवती चार एकेरी रस्ते आहेत असे धरा. वरचा रस्ता पूर्वेकडे जातो आणि खालचा पश्चिमेकडे. डावा रस्ता दक्षिणेकडे जातो आणि उजवा उत्तरेकडे. (समांतर रस्त्यांना अशा उलट दिशा देण्याची पद्धत पुण्याच्या बाजीराव आणि शिवाजी रस्त्यांमुळे अनेकांना परिचित असेल.) वायव्येच्या कोपऱ्यावर चौक अ, ईशान्येला ब, आग्नेयेला क आणि नैर्ऋत्येला ड. चौक अ मध्ये बाहेरून तासाला ४०० आणि ३०० अशी एकूण ७०० वाहने येतात, तर क मध्ये ५०० आणि ४०० अशी ९००. ब मधून ५५० आणि ३५० मिळून ९०० वाहने बाहेर पडतात, आणि ड मधून ३८० आणि ३२० मिळून ७००. अ ते ब या तुकड्यावरील वाहने p, क ते ब वरील q, क ते ड वरील r आणि अ ते ड वरील s मानू. प्रत्येक चौकात आलेली वाहने तितकीच बाहेर पडली पाहिजेत, एवढा एकच नियम लावला की समीकरणे अशी होतात:

```
चौक अ:  p + s = ७००
चौक ब:  p + q = ९००
चौक क:  q + r = ९००
चौक ड:  r + s = ७००
```

आता अ आणि क यांच्या समीकरणांची बेरीज करा; p + q + r + s = १६०० मिळते. ब आणि ड यांची बेरीज केली तरी तेच मिळते. कारण सरळ आहे. आतला प्रत्येक तुकडा एका चौकातून निघतो आणि दुसऱ्या चौकात पोहोचतो, त्यामुळे तो दोन समीकरणांत येतो, एकदा बाहेर पडणारा म्हणून आणि एकदा आत येणारा म्हणून. तीन चौकांचा हिशेब जुळला आणि संपूर्ण वस्तीत शिरणारी व बाहेर पडणारी वाहने सारखी असली, की चौथ्या चौकाचा हिशेब आपोआप जुळतो. s ला t मानले तर उकल अशी:

```
p = ७०० − t
q = २०० + t
r = ७०० − t
s = t
```

हा t रस्त्यावर कुठे आहे, हे समजण्यासाठी मी विद्यार्थ्यांना नकाशा बाजूला ठेवून एक तक्ता मांडायला सांगतो. या वस्तीत वाहने शिरण्याची ठिकाणे दोन, अ आणि क. बाहेर पडण्याची ठिकाणेही दोन, ब आणि ड. प्रत्येक वाहनाचा आतला प्रवास एकाच तुकड्यावर, एका झेपेत पूर्ण होतो, कारण ब आणि ड मधून आत वळायला रस्ताच नाही. म्हणजे p, q, r आणि s हे ‘कुठून आला आणि कुठे गेला’ या तक्त्यातील चार घरांचे आकडे आहेत:

```
          ब ला    ड ला    एकूण
अ हून     p       s       ७००
क हून     q       r       ९००
एकूण     ९००     ७००     १६००
```

कडेच्या बेरजा आपल्याला माहीत आहेत, आतली घरे माहीत नाहीत. दोन ओळी आणि दोन स्तंभ असलेल्या अशा तक्त्यात एक घर भरले की बाकीची तीन ठरतात, आणि ते एक घर भरल्याशिवाय एकही ठरत नाही. तेव्हा t म्हणजे अ मध्ये शिरून ड कडे जाणाऱ्या वाहनांची संख्या. ती वस्तीच्या बाहेरच्या तोंडांवर कितीही काळजीपूर्वक मोजणी केली तरी कळत नाही, कारण बाहेरचा माणूस वाहन आत जाताना आणि कुठले तरी वाहन बाहेर येताना पाहतो. आत गेलेले वाहन कोणत्या तोंडातून निघाले, हे तो पाहत नाही.

उत्तरे असंख्य असली तरी ती मोकाट नसतात. एकेरी रस्त्यावर उलट वाहतूक नसते, म्हणून एकही अज्ञात ऋण असू शकत नाही, आणि त्यावरून t हा ० ते ७०० याच पट्ट्यात राहतो. शिवाय वाहनांची संख्या पूर्णांकच असणार. या पट्ट्याकडे नीट पाहिले की परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे तेथेच सापडतात. उदाहरणार्थ, क ते ब हा उजवा तुकडा बंद करता येईल का? q = २०० + t असल्यामुळे q ची सर्वांत लहान किंमत २०० आहे; म्हणून बाहेरचे आकडे तेच ठेवून तो बंद करता येत नाही. समीकरण विसरून विचार केला तरी हेच दिसते: क मध्ये ९०० वाहने येतात, ड मधून जेमतेम ७०० बाहेर पडतात, तेव्हा उरलेल्या २०० वाहनांना ब शिवाय वाट नाही.

अ ते ड हा डावा तुकडा मात्र कागदावर बंद होतो. t = ० ठेवला की p = ७००, q = २०० आणि r = ७००. आता समजा, वरच्या आणि खालच्या रस्त्यांची क्षमता प्रत्येकी तासाला ६०० वाहने आहे आणि उजव्याची ६५०. मग p आणि r ६०० च्या आत राहण्यासाठी t किमान १०० हवा, आणि q ६५० च्या आत राहण्यासाठी t जास्तीत जास्त ४५० हवा. पट्टा ० ते ७०० वरून १०० ते ४५० असा आकसला, आणि शून्य त्यातून बाहेर पडले. डावा रस्ता खोदायला घेतला तर वरच्या आणि खालच्या दोन्ही रस्त्यांवर क्षमतेपेक्षा तासाला शंभर वाहने जास्त येतील, म्हणजे तेथे रांग वाढत जाईल. एकदा रांग वाढू लागली की ‘जितकी आली तितकी गेली’ हा मूळ नियमच त्या तासापुरता खोटा ठरतो आणि ही समीकरणे लागू राहत नाहीत.

येथे क्रमिक पुस्तके सहसा एक गोष्ट सांगत नाहीत. t = ० ही उकल केवळ संख्यांची उकल आहे. तिचा अर्थ असा होतो की अ मधून आलेले सर्व सातशे लोक ब कडे जातील आणि ड मधून निघणारे सर्व सातशे लोक क कडून आलेले असतील. ज्याला अ मधून ड कडेच जायचे होते, त्याच्यासाठी या वस्तीत दुसरी वाटच नाही. तो ब मधून बाहेर पडून लांबून वळसा घालील किंवा अ मध्ये शिरणारच नाही, आणि दोन्ही प्रकारांत कडेचे आकडे बदलतील. त्यामुळे ‘रस्ता बंद केल्यास काय होईल’ या प्रश्नाला ही समीकरणे देतात ते उत्तर फक्त इतके आहे: बाहेरचे आकडे तसेच राहिले तर बंद करणे शक्य आहे की नाही. ‘शक्य नाही’ हे उत्तर भक्कम असते; ‘शक्य आहे’ हे उत्तर तितके भक्कम नसते.

t ठरवण्याचा साधा मार्ग म्हणजे आतल्या एका तुकड्यावर मोजणी करणे. डाव्या रस्त्यावर तासाला २६० वाहने मोजली गेली, तर p = ४४०, q = ४६० आणि r = ४४० हे लगेच ठरते. चारांपैकी कोणताही तुकडा चालतो, म्हणून जेथे उभे राहून मोजणे सोपे जाईल तो निवडावा. जाळे मोठे झाले की मात्र निवड विचारपूर्वक करावी लागते. सलग जोडलेल्या जाळ्यात आतले तुकडे m आणि चौक n असतील, तर मोकळे अज्ञात m − n + १ असतात. एकमेकांना चिकटून दोन चौकोन असले तर चौक सहा, तुकडे सात आणि मोकळे अज्ञात दोन. येथे दोन मोजण्या पुरतात, पण दोन्ही एकाच चौकोनाच्या बाहेरच्या बाजूंवर केल्या तर दुसरी मोजणी पहिलीचाच आकडा पडताळते आणि शेजारचा चौकोन तसाच अज्ञात राहतो. नियम असा की मोजलेले तुकडे नकाशावरून पुसल्यावर उरलेल्या तुकड्यांत एकही बंद फेरा राहता कामा नये.

प्रत्यक्ष मोजणीचे आकडे घेतले की आणखी एक अडचण हमखास येते. समजा, ड च्या तोंडांवर ७०० ऐवजी ६९० वाहने मोजली गेली. मग समीकरणे सोडवताना शेवटी ० = १० असे काहीसे उरते आणि उकलच नसते. अशा वेळी ‘नाहीतरी एक समीकरण जास्तीचेच आहे’ म्हणून ड चे समीकरण खोडून टाकण्याचा मोह होतो. तसे केल्यास दहा वाहनांची सगळी चूक गुपचूप ड च्या माथी जाते. अ चे समीकरण खोडले असते तर ती अ च्या माथी गेली असती आणि उत्तर वेगळे आले असते. आधी कारण शोधावे: आतमध्ये वाहनतळ आहे का, मोजलेली नाही अशी एखादी गल्ली आहे का, दोन चौकांतील मोजणी एकाच तासाची आहे का. कारण सापडले नाही तर फरक सर्व मोजण्यांवर थोडा थोडा वाटून द्यावा.

आपल्याकडे या विसंगतीला एक खास कारणही असते. दुचाकी, रिक्षा आणि ट्रक यांना एका मापात आणण्यासाठी संख्या मोटारींच्या एककात बदलतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत दुचाकीचा गुणक वाहतुकीतील तिच्या प्रमाणानुसार ०.५ किंवा ०.७५ असा दिलेला आहे. एका तुकड्यावर एक गुणक आणि पुढच्यावर दुसरा लागला, तर एकही वाहन न हरवता एकके कमीजास्त होतात. म्हणून समीकरणे नुसत्या वाहनसंख्येवर, शक्य तर प्रत्येक प्रकारासाठी वेगळी मांडावीत, आणि एककांत रूपांतर उकल मिळाल्यावर क्षमता तपासताना करावे.

विजेच्या जाळ्यात हीच चौकांची समीकरणे असूनही उत्तर एकच का येते, असा प्रश्न पुढे तुम्हाला पडेल. तेथे किर्खोफचा दुसरा नियम प्रत्येक बंद फेऱ्यासाठी एकेक समीकरण पुरवतो, आणि मोकळे अज्ञात नेमके तितकेच असतात. वाहनांना तसा नियम नाही. चारही रस्ते एकाच दिशेने फिरणारे असते तर प्रत्येक अज्ञातात + t आला असता आणि t ला क्षमतेखेरीज वरची मर्यादाच उरली नसती, कारण जागा शोधत वस्तीभोवती घिरट्या घालणारी गाडी बाहेरच्या कोणत्याच मोजणीत दिसत नाही. मोठ्या जाळ्यात एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जायला अनेक वाटा असतात, आणि तेथे त्या फेऱ्याच्या नियमाच्या जागी १९५२ मध्ये वाहतुकीचे अभ्यासक वॉर्ड्रॉप यांनी मांडलेले तत्त्व वापरतात: वापरात असलेल्या सर्व वाटांना सारखाच वेळ लागतो आणि न वापरलेल्या कोणत्याही वाटेला त्याहून कमी लागत नाही. पण वेळ गर्दीबरोबर वाढतो आणि तो सरळ रेषेत वाढत नाही, त्यामुळे तेथून पुढचे गणित रेषीय राहत नाही.