रेन्कोची ब्रिक साइज: एटीआरवर थांबू नका, रंग मोजा

प्रश्न: जास्त उसळणाऱ्या कॉइन्सवर 15 मिनिटांच्या चार्टमध्ये खोटे सिग्नल फार येतात. रेन्को लावला तर हा गोंगाट कमी होईल का? आणि ब्रिक साइज किती ठेवायची, एटीआरवरून की स्वतः ठरवून?

उत्तर: गोंगाट नक्की कमी होतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. ती किंमत किती हे ब्रिक साइजवर ठरतं, म्हणून आधी ती बघू.

समजा ब्रिक 5 डॉलरची आहे. बऱ्याच घसरणीनंतर पहिली हिरवी ब्रिक 195 ते 200 अशी बनली आणि तुम्ही 200 ला घेतलं. पुढची हिरवी ब्रिक 205 ला बनेल. लाल मात्र 195 ला नाही, 190 ला बनेल, कारण उलट्या रंगाची ब्रिक आधीच्या ब्रिकच्या दुसऱ्या टोकापासून सुरू होते. भाव 190 आणि 205 यांच्यामध्ये दिवसभर कितीही वरखाली झाला तरी चार्टवर काही उमटत नाही. गोंगाट गाळला जातो तो इथेच.

आता लाल ब्रिक आली की विकायचं, असा साधा नियम धरा. पहिल्या हिरव्या ब्रिकनंतर लगेच लाल आली तर 190 ला विकावं लागेल, म्हणजे दोन ब्रिकचा तोटा. सलग तीन हिरव्या येऊन भाव 210 ला गेला आणि मग उलटला, तर लाल ब्रिक 200 ला पूर्ण होते आणि हाती शून्य. चार आल्या तर एक ब्रिक नफा. थोडक्यात, सलग n ब्रिक आल्या तर हाती n − 3 ब्रिक पडतात.

मला रेन्कोमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती यापुढची. भाव पूर्णपणे नाणेफेकीसारखा हलत असला, तरी वर एक ब्रिक जाण्याची शक्यता खाली दोन ब्रिक जाण्यापेक्षा दुप्पट असते. म्हणून पुढची ब्रिक त्याच रंगाची येण्याची शक्यता दोन तृतीयांश, आणि सलग रांगेची सरासरी लांबी बरोबर 3. त्यातून नफा शून्य, वर खर्च आहेच. चार्टवर दिसणाऱ्या लांब एकरंगी रांगा ट्रेंडचा पुरावा नसतात; रेन्कोच्या नियमातूनच त्या तयार होतात.

त्यामुळे ब्रिक साइज मी अशी निवडतो. 4 तासांच्या कँडलवर 14 चा एटीआर बघतो. कॉइन 200 ला आणि एटीआर 5 असेल तर सुरुवात 2.5 टक्क्यांपासून. मग त्याच्या निम्मी, तेवढीच आणि दुप्पट अशा साइजनी जुन्या डेटावर ब्रिक बनवतो आणि लागोपाठच्या ब्रिकपैकी किती जोड्या एकाच रंगाच्या आहेत ते मोजतो. फक्त खरेदीच्याच बाजूने ट्रेड करणार असाल तर हिरव्या रांगा वेगळ्या मोजा.

समजा प्रमाण 0.70 आलं. रांगेची सरासरी 1 / (1 − 0.70), म्हणजे सुमारे 3.33, दर ट्रेडला एक तृतीयांश ब्रिक मिळते. ब्रिक 2.5 टक्क्यांची असेल तर ते 0.83 टक्के झाले. घेणं, विकणं आणि स्लिपेज मिळून 0.3 टक्के खर्च गेला तरी काही उरतं. पण हेच प्रमाण 0.5 टक्क्यांच्या ब्रिकवर आलं तर मिळतात 0.17 टक्के, आणि सगळं खर्चात जातं. लहान ब्रिकवर सिग्नल लवकर येतो म्हणून लोक तिकडे वळतात, पण खर्च ब्रिकबरोबर लहान होत नाही.

नमुना पुरेसा हवा. 100 जोड्यांमध्ये 0.67 चं 0.72 केवळ योगायोगानेही होतं. हजारभर जोड्या असतील आणि शेजारच्या साइजवरही प्रमाण टिकत असेल, तरच मी ते खरं धरतो.

एटीआरचा आकडा एकदा काढला की गोठवा. चार्ट एटीआर मोडवर ठेवला तर नवा एटीआर आला की संपूर्ण इतिहासातल्या ब्रिक पुन्हा आखल्या जातात, आणि कालचा सिग्नल आज गायब झालेला दिसतो. टक्केवारी ताज्या भावावरून काढली जात असेल तर तिथेही हेच घडतं. कॉइन 100 वरून 400 ला गेला तर 5 डॉलरची ब्रिक 5 टक्क्यांवरून 1.25 टक्क्यांवर येते. म्हणून लांब काळासाठी भावाच्या लॉगवर ब्रिक बनवणं उत्तम.

बॅकटेस्टमध्ये एक गोष्ट तपासा. 4 तासांच्या क्लोजवरून ब्रिक बनवली आणि एका कँडलमध्ये भाव 200 वरून 180 ला आला, तर एका दमात तीन लाल ब्रिक उमटतात. एकाच रंगाच्या जोड्यांचं प्रमाण फुगतं, आणि टेस्टर विक्री 190 ला झाली असं धरतो, जेव्हा क्लोजला भाव 180 होता. म्हणून ब्रिक 1 मिनिटाच्या डेटावरून बनवा आणि खरेदी-विक्रीचा भाव खऱ्या कँडलमधूनच घ्या.