पाटी नसलेल्या चौकात दोन गाड्या एकदम आल्या तर आधी कोणी जायचं?

प्रश्न: «आमच्या कॉलनीत सारख्याच रुंदीचे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. सिग्नल नाही, पोलीस नाही, पाटी नाही, पट्टेही नाहीत. काल मी कारने सरळ चाललो होतो आणि डावीकडच्या रस्त्यावरून एक रिक्षा त्याच वेळी आली. दोघांनीही करकचून ब्रेक मारले. रिक्षावाला म्हणाला, मी आधी आलो, माझीच वाट होती. नेमकं कोणी थांबायचं?»

रिक्षाने थांबायला हवं होतं. आपल्याकडे नियम असा आहे की ज्या चौकात वाहतूक कोणी नियंत्रित करत नाही, तिथे आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्या वाहनाला वाट द्यायची. तुम्ही रिक्षाच्या उजवीकडून येत होतात, म्हणून थांबण्याची जबाबदारी तिची. 1989 च्या रस्ता नियमांत हे स्पष्ट होतं. 2017 साली त्यांच्या जागी मोटार वाहने (वाहन चालविणे) विनियम आले, पण उजवीकडच्याला वाट देण्याचं तत्त्व तेच राहिलं. गाडी मोठी की छोटी, कोण घाईत आहे, कोणी आधी हॉर्न वाजवला, यातल्या कशालाही त्यात जागा नाही. उजवीकडून सायकल आली तरी ट्रकवाल्याने थांबायचं.

हे पाठ करण्यापेक्षा एकदा कागदावर काढून बघा, म्हणजे कायमचं लक्षात राहील. दोन्ही रस्ते सहा मीटर रुंद धरा. प्रत्येकजण आपल्या डाव्या अर्ध्या भागातून चालतो, म्हणजे चौकाच्या चौरसाचे चार तुकडे पडतात. तुम्ही खालून वर जाताय, तर तुम्ही आधी खालच्या डाव्या तुकड्यातून आणि मग वरच्या डाव्या तुकड्यातून जाता. डावीकडून उजवीकडे जाणारी रिक्षा तिच्या डाव्या कडेला, म्हणजे कागदावर वरच्या अर्ध्या भागात असते. त्यामुळे तुमची गाठ पडते ती वरच्या डाव्या तुकड्यात. तुमच्यासाठी तो चौकातला दुसरा तुकडा आहे, रिक्षासाठी मात्र पहिलाच. ती चौकाच्या कडेला थांबली तर कोणाचीच अडचण होत नाही. तुम्हाला मात्र ऐनवेळी थांबायला लागलं तर तुम्ही चौकाच्या मधोमध उभे राहणार आणि तुमच्या उजवीकडून येणारी तिसरी गाडीही अडकणार. वाहतूक बेटाभोवतीही हीच मांडणी असते. आपल्याकडे बेटाला वळसा घालणारी गाडी शिरणाऱ्याच्या उजवीकडून येते, म्हणून शिरणाऱ्याने थांबायचं. उलट केलं की आतल्या गाड्या बाहेर पडू शकत नाहीत आणि सगळा गोल जाम होतो.

या आकृतीत आणखी एक गोष्ट दिसते, तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. ज्याने थांबायचं आहे त्याला चौकाच्या आत थांबायला जागाच नाही. आत पाऊल टाकलं की तो थेट समोरच्याच्या वाटेत आहे. म्हणजे निर्णय चौकात पोचून नाही, चौकाच्या अलीकडे घ्यायचा आहे. तिथे वेगाचा हिशोब सुरू होतो. ताशी 30 किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण आठ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर आठ मीटर तिथेच संपले, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला पुढे सहा मीटर लागतात. एकूण चौदा. कॉलनीतल्या चौकात कोपऱ्यावर कंपाउंडची भिंत असते, तिला लागून पार्क केलेली गाडी असते, आणि आडव्या रस्त्यावरचं वाहन तुम्हाला चौक सहा मीटरवर आल्यावर दिसतं. मग 30 ने येणारा माणूस नियम जाणत असला तरी पाळू शकत नाही. ताशी 15 ला एकूण अंतर सहा मीटरच्या आत बसतं. नियमातही वाट देण्याबरोबर हे सांगितलेलं आहेच, की चौकाजवळ वेग कमी करायचा आणि आत जाणं सुरक्षित आहे याची खात्री झाल्याशिवाय शिरायचं नाही. हे बंधन दोघांवर आहे, तुमच्यावरही. पावसात किंवा वाळू सांडलेल्या रस्त्यावर ताशी 15 सुद्धा जास्त होतो.

आता ‘एकदम’ म्हणजे काय? रिक्षावाला म्हणाला मी आधी आलो. घड्याळ लावून हे ठरत नाही. एक साधी खूण वापरा. चौकाकडे जाताना आडव्या रस्त्यावरच्या गाडीकडे बघा आणि ती तुमच्या काचेत कुठे दिसते ते लक्षात ठेवा. तुम्ही पुढे सरकताना ती काचेत मागे सरकत गेली तर तुम्ही तिच्या आधी पोचणार. पुढे सरकत गेली तर ती आधी. पण ती काचेत जिथल्या तिथे राहिली आणि नुसती मोठी होत गेली, तर तुम्ही दोघे एकाच वेळी एकाच जागी पोचणार आहात. हीच टक्कर होण्याची स्थिती आणि इथेच उजव्या हाताचा नियम लागू होतो. याच स्थितीतली गाडी दिसायला सगळ्यात अवघड असते, कारण डोळा हलणाऱ्या गोष्टी पटकन टिपतो आणि ही हलत नाही. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाआड ती आली तर शेवटपर्यंत तिथेच लपून राहते. दुचाकी तर अख्खी लपते. म्हणून चौकाजवळ मान नुसती वळवू नका, सीटवर थोडं पुढे वाकून खांबाच्या पलीकडे बघा.

‘आधी शिरलो’ हा दावाही नीट तपासायला हवा. समोरचा खरोखर लांब असेल आणि तुम्ही निम्मा चौक पार केला असेल, तर अर्थातच त्याने तुम्हाला जाऊ द्यायचं. पण ज्याने थांबायचं आहे त्यानेच वेग वाढवून अर्ध्या सेकंदाने नाक आत घातलं, तर त्याने हक्क मिळवला असं होत नाही, त्याने नियम मोडला असंच होतं. अपघात झाल्यावर गाडीवरच्या खुणा बघून लोक पटकन निष्कर्ष काढतात: ज्याचा पुढचा बंपर ठोकला गेला तो दोषी, ज्याचं दार चेपलं तो निर्दोष. तसं सरळ नसतं. दार चेपलेला माणूसच कदाचित उजवीकडच्या गाडीसमोर घुसलेला असतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण म्हणूनच दोघांचा वेग, चौकाची रचना, कोणी काय बघू शकत होता हे पाहतं आणि बऱ्याचदा दोष टक्क्यांत वाटतं. उजवीकडून आलो होतो एवढ्यावर तुम्ही सुटत नाही. नुसता नियम मोडल्याचा दंड वेगळा: 2019 च्या दुरुस्तीत आलेल्या कलम 177 अ प्रमाणे पाचशे ते हजार रुपये.

अपवाद एक महत्त्वाचा. दोनपैकी एक रस्ता मुख्य रस्ता म्हणून ठरवलेला असेल, तर मुख्य रस्त्यावरच्याला वाट द्यायची, तो डावीकडून आला तरी. घोळ होतो तो ‘मुख्य’ या शब्दावर. आपला रस्ता जरा रुंद आहे, डांबर नवीन आहे, यावरून लोक तो स्वतःच मुख्य ठरवतात. तुम्ही सांगितलंत तसे दोन्ही रस्ते सारखे असतील तर तिथे मुख्य कोणीच नाही आणि उजव्या हाताचाच नियम. शंका असेल तर आपला रस्ता दुय्यम आहे असं धरून चाला. सोसायटीच्या गेटमधून, पंपातून किंवा पार्किंगमधून बाहेर येणाऱ्याने मात्र उजवीकडून येतो असं म्हणू नये, त्याने रस्त्यावरच्या सगळ्यांसाठी थांबायचं.

वळणाऱ्यांचा विषय थोडक्यात. समोरासमोर आलेल्या दोघांत एक सरळ जातोय आणि दुसरा उजवीकडे वळतोय, तर वळणारा थांबतो. तुमच्या उजवीकडची गाडी तिच्या डावीकडे वळणार असेल तर तुमच्या वाटा एकमेकींना लागतच नाहीत, पण नुसत्या इंडिकेटरवर विसंबून आत शिरू नका. मागच्या वळणाचा इंडिकेटर चालू राहिलेली गाडी रोज दिसते. तिचं पुढचं चाक वळलेलं दिसलं आणि वेग उतरला, की मग निघा.

चारही बाजूंनी चार गाड्या एकदम आल्या तर प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतंच, आणि नियम काही उत्तर देत नाही. तिथे कोणीतरी एकाने स्पष्ट हाताने खूण करून दुसऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं. तो गेला की साखळी तुटते आणि बाकीचे उजव्या हाताच्या क्रमाने निघतात. खूण हातानेच करा, डिपर देऊन नाही. आपल्याकडे डिपरचा अर्थ बहुतेक जण ‘मी येतोय, थांब’ असा घेतात. इंग्लंडमध्ये तोच डिपर बरेच जण ‘तू जा’ म्हणून देतात. तिकडे गाडी चालवणाऱ्या आपल्या मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं: इंग्लंडच्या हायवे कोडप्रमाणे अशा खुणा नसलेल्या चौकात कोणालाच प्राधान्य नाही. जपानमध्ये आपल्यासारखीच गाडी डावीकडून चालते, पण तिथे डावीकडच्याला वाट देतात. इथली सवय विमानातून बरोबर नेऊ नका.

तुमच्या चौकाबद्दल बोलायचं तर दोघांनाही करकचून थांबावं लागलं, यावरून दोघांनाही एकमेक उशिरा दिसले असं वाटतं. रिक्षावाल्याशी वाद घालून ते सुटणार नाही. कोपऱ्याची झुडपं छाटून घ्या, भिंतीलगत चौकापर्यंत होणारं पार्किंग बंद करा, आणि प्रभाग कार्यालयात अर्ज देऊन एका रस्त्यावर ‘थांबा’ची अष्टकोनी किंवा ‘वाट द्या’ची उलट्या त्रिकोणाची पाटी आणि रस्त्यावर आडवा पट्टा मागा. अर्जासोबत चारही बाजूंचे फोटो द्या, चौकापासून सहा मीटर अलीकडे उभं राहून ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेले, म्हणजे अडचण अभियंत्याला लगेच दिसेल. पाटी लागली की तिथे उजव्या-डाव्याचा प्रश्न उरत नाही. पाटी ज्या रस्त्यावर आहे त्यानेच थांबायचं.